कंपनीच्याच कमाईतून कंपनीची खरेदी

१९८२च्या जानेवारीत अमेरिकेतल्या आरसीए या बड्या कंपनीने आपला शुभेच्छापत्रं छापण्याचा धंदा विकून टाकला. गिब्सन ग्रीटिंग्ज हे त्याचं नाव. घेणारे होते अमेरिकेचे माजी अर्थमंत्री विल्यम सायमन आणि त्यांचे भागीदार रे चेंबर्स. सौदा ८ कोटी डॉलरचा झाला, पण दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून खिशातून घातले ते जेमतेम १० लाख डॉलर. बाकीची सगळी रक्कम कर्जाऊ होती आणि ते कर्ज गिब्सनच्या नावावर, गिब्सनच्या मालमत्तेच्या आधारावर उभं केलं होतं. साधारण दीड वर्षाच्या आत कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा तिची किंमत २९ कोटी डॉलर ठरली.

या सौद्याने वॉल स्ट्रीटवर खळबळ उडाली आणि 'लिव्हरेज्ड बायआउट', म्हणजे मुख्यतः कर्जाच्या जोरावर केलेली कंपनीची खरेदी, हा व्यवहार एकदम सगळ्यांच्या तोंडी झाला. आज प्रायव्हेट इक्विटी म्हणून ओळखले जाणारे फंड याच पद्धतीवर उभे राहिले. पण गिब्सनच्या गोष्टीतून या व्यवहाराचं गणित मात्र समजत नाही. दीड वर्षात काही त्या कंपनीने कर्ज फेडून टाकलं नव्हतं; शेअर बाजार नेमका वर निघाला होता आणि विक्रीची वेळ साधली गेली. एरवीच्या सौद्यात इतका घवघवीत वारा पाठीशी नसतो. तिथे चार-पाच वर्षं कंपनी राबते, दरवर्षी थोडं थोडं मुद्दल फिटतं आणि शेवटी विक्रीच्या दिवशी कळतं की मालकाच्या हाती काय उरलं. ते गणित एकदा सावकाश मांडून पाहण्यासारखं आहे, कारण अशा कंपनीला किती किंमत द्यायची हेही त्यातूनच ठरतं.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. सोयीसाठी आकडे कोटी रुपयांत आणि गोळाबेरीज केलेले. ही कंपनी औद्योगिक पंपांचे सुटे भाग बनवते, गिऱ्हाईक बांधलेलं आहे, मागणी फार वरखाली होत नाही. व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा तिचा वर्षाचा नफा १०० कोटी आहे. या नफ्याला धंद्यात 'एबिटडा' म्हणतात. कंपनीची किंमत बहुतेक वेळा याच्या पटीत बोलली जाते. आपला सौदा आठ पटीला ठरला, म्हणजे ८०० कोटींना. वकील, हिशेबतपासनीस, बँकर यांची फी २० कोटी. एकूण जुळवायचे ८२० कोटी. फंडाला, ज्याला या व्यवहारात 'स्पॉन्सर' म्हणतात, बँका एबिटडाच्या पाचपट म्हणजे ५०० कोटी कर्ज द्यायला तयार आहेत, व्याज १० टक्के. उरलेले ३२० कोटी फंडाचे स्वतःचे.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. हे ५०० कोटींचं कर्ज फंडाच्या डोक्यावर नाही. सौद्यासाठी एक नवी कंपनी काढली जाते, ती कर्ज उचलते, त्या पैशाने जुनी कंपनी विकत घेते आणि मग दोन्ही एकत्र केल्या जातात. परिणामी कर्ज जाऊन बसतं ते पंपांचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदात. उद्या हप्ते थकले तर बँक कंपनीचा कारखाना ताब्यात घेईल. फंडाचे बुडतील ते ३२० कोटी, त्याहून एक रुपयाही नाही. भाडेकरूसकट गाळा घ्यावा आणि भाड्यातून कर्जाचे हप्ते जावेत अशातला हा प्रकार आहे, फरक इतकाच की कर्जाच्या कागदावर सही गाळ्याची असते.

आता पहिलं वर्ष. धंदा ६ टक्क्यांनी वाढला, एबिटडा १०६ कोटी झाला. यातले कर्ज फेडायला किती उरतात? पहिल्यांदा व्याज जातं, ५० कोटी. मग कर. कर काढताना घसारा आणि व्याज दोन्ही वजा होतात. घसारा २० कोटी धरला, तर करपात्र नफा उरतो ३६ कोटी आणि २५ टक्क्यांनी कर ९ कोटी. त्यानंतर यंत्रं बदलणं, साचे नवे करणं यावर २५ कोटी. विक्री वाढली की मालाचा साठा आणि उधारीही वाढते, त्यात आणखी ३ कोटी अडकतात. १०६ मधून हे सगळं वजा केलं की हातात राहतात १९ कोटी. यालाच मोकळी रोख म्हणायची. घसारा हा कागदावरचा खर्च. त्यापायी कुणाच्या हातात पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून कर मोजून झाला की तो इथे पुन्हा वजा करायचा नाही. नव्याने हे गणित मांडणारे इथेच हमखास अडखळतात.

शंभरावर सहा कोटी कमावणारी कंपनी, आणि वर्षभर राबून मुद्दल फिटलं ते फक्त १९ कोटी. पाचशेचे ४८१ झाले. पहिल्यांदा हा आकडा पाहणाऱ्याला तो फारच चिमुकला वाटतो. पण दुसऱ्या वर्षापासून दोन गोष्टी एकाच वेळी घडू लागतात. धंदा वाढून एबिटडा ११२ वर जातो, आणि मुद्दल कमी झाल्याने व्याज ४८ वर उतरतं. दोन्ही बाजूंनी जागा मोकळी होते आणि या वेळी फिटतात २५ कोटी. तिसऱ्या वर्षी ३२, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी साडेअठ्ठेचाळीस. पाच वर्षांअखेर कर्ज उरतं ३३५ कोटी. एकूण फिटले १६५ कोटी, आणि त्यातले निम्म्याहून जास्त शेवटच्या दोन वर्षांत.

वर्षाअखेरची सगळी मोकळी रोख अशी थेट मुद्दलाकडे वळवण्याची अट बहुतेक कर्जकरारांत कमीअधिक प्रमाणात लिहिलेली असते. बँकांच्या भाषेत त्याला 'कॅश स्वीप' म्हणतात. अट नसती तरी फंडाला दुसरं काही करण्यात फारसा अर्थ नसतो, कारण १० टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे निर्धोकपणे १० टक्के मिळवणं. मी वर व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या शिलकीवर मोजलं आहे. काही जण वर्षभराच्या सरासरी शिलकीवर मोजतात. ते जास्त काटेकोर असतं, पण मग व्याज रोखीवर अवलंबून, रोख फेडीवर आणि फेड पुन्हा व्याजावर, असं चक्र संगणकाच्या तक्त्यात तयार होतं. पहिल्या अंदाजासाठी त्या भानगडीत पडण्याची गरज नसते.

पाचव्या वर्षाअखेर एबिटडा १३४ कोटींच्या जवळ पोहोचला आहे. फंड कंपनी विकायला काढतो आणि ज्या आठ पटीला घेतली त्याच आठ पटीला विकतो. किंमत येते १,०७० कोटी. उरलेलं ३३५ कोटींचं कर्ज चुकतं केलं की फंडाच्या हाती ७३५ कोटी. घातले होते ३२०. म्हणजे पैसे २.३ पट झाले, आणि पाच वर्षांचा चक्रवाढ परतावा बसला १८ टक्क्यांच्या आसपास.

हाच सौदा कर्जाशिवाय केला असता तर? सगळे ८२० कोटी स्वतःचे घातले असते, व्याज नसल्याने दरवर्षीची मोकळी रोख लाभांश म्हणून हातात पडली असती आणि शेवटी पूर्ण १,०७० कोटी मिळाले असते. त्याचा परतावा येतो सुमारे पावणेतेरा टक्के. कंपनी तीच, कामगार तेच, गिऱ्हाईक तेच. वरचे सव्वापाच टक्के केवळ पैशाची रचना बदलल्याने आले. व्याजावर कर लागत नाही, याचा वाटाही त्यात आहे. कर्ज स्वस्त आणि कंपनीची कमाई त्याहून महाग, एवढ्या एका फरकावर हा सगळा डोलारा उभा असतो. कर्जाचं व्याज कंपनीच्या मूळ कमाईच्या दराला जाऊन भिडलं की कर्ज घेण्यात राम उरत नाही.

फंडाला झालेला ४१५ कोटींचा फायदा नेमका कशातून आला, हेही वेगळं काढून पाहता येतं आणि माझ्या मते या विषयातला तो सगळ्यात उपयोगी हिशेब आहे. एबिटडा ३४ कोटींनी वाढला, आठ पटीने त्याचे झाले २७० कोटी. कर्ज फिटलं त्याचे १६५. आणि फीचे २० कोटी वजा. बेरीज बरोबर जुळते. पट वाढल्याने काही मिळालं का? या उदाहरणात शून्य, कारण आठला घेतली, आठलाच विकली.

या तीन वाटांपैकी फेडीची वाट मला सगळ्यात भरवशाची वाटते. ती रोखीत दिसते, दरवर्षी मोजता येते आणि विक्रीच्या दिवशी बाजाराचा मूड काय आहे यावर ती अवलंबून नसते. वाढीची वाट खरी, पण तिला मेहनत लागते आणि ती अंदाजात नेहमी थोडी जास्तच दिसते. पटीची वाट मात्र निव्वळ बाजारावर सोडलेली. आपल्या उदाहरणात विक्री आठऐवजी सात पटीला झाली तर फंडाच्या हाती ६०१ कोटीच येतात आणि परतावा १८ वरून साडेतेरा टक्क्यांवर घसरतो. नऊ पटीला झाली तर ८६९ कोटी आणि बावीस टक्के. कंपनीच्या कारखान्यात एक खिळाही इकडचा तिकडे न होता साडेआठ टक्क्यांचा फरक. म्हणूनच एखाद्या सौद्याच्या मांडणीत विक्रीची पट खरेदीच्या पटीपेक्षा जास्त धरलेली दिसली, तर उरलेलं वाचण्याआधी ती खरेदीइतकी करून पाहावी. परतावा टिकला तर सौद्यात काही दम आहे.

आता मूळ प्रश्न. या कंपनीची किंमत किती?

मूल्यांकनाच्या इतर पद्धती कंपनीकडे बघून किंमत काढतात. ही पद्धत घेणाऱ्याच्या हव्या असलेल्या परताव्याकडून उलटी मागे येते. फंडाने आपल्या गुंतवणूकदारांना, म्हणजे पेन्शन फंड, विमा कंपन्या, विद्यापीठांचे निधी यांना, २० टक्क्यांच्या आसपास परताव्याची आशा दाखवलेली असते. पाच वर्षांत २० टक्के म्हणजे पैसे जवळजवळ अडीच पट. पाच वर्षांनी हाती येणार ७३५ कोटी. त्याला अडीचच्या आसपास भागलं की आज जास्तीत जास्त २९५ कोटी घालता येतात. त्यात बँकेचे ५०० मिळवले, फीचे २० काढले, की किंमत येते सुमारे ७७५ कोटी. म्हणजे पावणेआठ पट. २५ टक्के हवे असतील तर पाच वर्षांत पैसे तिपटीच्या थोडे वर न्यावे लागतात. स्वतःचे २४० कोटीच घालता येतात आणि किंमत ७२० कोटींवर येते.

तेव्हा ८०० कोटी मागणाऱ्या विक्रेत्याला २० टक्क्यांचा हट्ट धरणारा फंड नकार देईल, आणि १८ टक्क्यांवर समाधान मानणारा दुसरा फंड सौदा घेऊन जाईल. बँकर या आकड्याला तळाची किंमत मानतात, आणि त्याला कारण आहे. त्याच धंद्यातली एखादी कंपनी विकत घ्यायला आली तर ती दोन कारखान्यांचं कार्यालय एक करील, खरेदी एकत्र करील, आणि त्या बचतीच्या भरवशावर जास्त किंमत मोजू शकेल. फंडाला फक्त या एका कंपनीच्या रोखीवर जगायचं असतं. त्यामुळे फंड जे देऊ शकतो ते इतर कोणीही निदान द्यावं, अशी अपेक्षा असते. अर्थात बँका सढळ हाताने कर्ज देऊ लागल्या की हाच तळ वर उचलला जातो. पाचऐवजी सहापट कर्ज मिळालं तर त्याच कंपनीला फंड जास्त किंमत देऊ शकतो, कंपनीत काहीही सुधारणा झालेली नसताना. २००६-०७ साली नेमकं हेच झालं आणि इतिहासातले काही सगळ्यात मोठे सौदे त्या दोन वर्षांत झाले.

कर्जाची मर्यादा कुठे आहे हे त्याच तक्त्यातून दिसतं. आपल्या कंपनीचा एबिटडा पहिल्या वर्षी १०६ न होता ८० वर आला, असं धरू. एक मोठं गिऱ्हाईक सुटलं, पोलाद महागलं, काहीही. व्याज ५० कोटी ठरलेलंच. करपात्र नफा १० कोटी, कर अडीच कोटी. यंत्रांचे २५ आणि साठ्याचे ३ काढले की रोख उणे अर्धा कोटी. म्हणजे मुद्दलाचा एक पैसा फिटला नाही आणि अर्धा कोटी कुठून तरी आणावे लागले. शिवाय कर्ज आता एबिटडाच्या सव्वासहा पट झालं. कर्जकरारात सहसा अशी अट असते की हे प्रमाण अमुक पटीच्या वर जाऊ द्यायचं नाही. ती अट मोडली की हप्ता थकलेला नसतानाही बँकेला दारात उभं राहण्याचा हक्क मिळतो. आणि त्या दिवशी बाजारात या कंपनीला सव्वासहा पटच किंमत मिळत असेल, तर फंडाचे ३२० कोटी पूर्ण गेलेले असतात. कमाई एक पंचमांशाने घटली आणि भांडवल शून्यावर आलं.

अशा वेळी पहिला हात जातो तो यंत्रांच्या खर्चावर. २५ कोटींचे १० केले की रोख लगेच १५ कोटींनी सुधारते, तक्ता पुन्हा हिरवा दिसू लागतो. पण साचे झिजतात, माल परत येऊ लागतो आणि दोन-तीन वर्षांनी त्याचा हिशेब एबिटडात चुकता होतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे ओळखायची एक सोपी खूण आहे: यंत्रांवरचा खर्च सतत घसाऱ्याच्या खाली राहत असेल, तर कर्जफेड कंपनीच्या कमाईतून चालली नसून तिच्या हाडामांसातून चालली आहे.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते टॉईज आर अस या अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानांच्या साखळीत पाहायला मिळालं. २००५ साली केकेआर, बेन कॅपिटल आणि व्होर्नाडो या तिघांनी मिळून ती सुमारे ६६० कोटी डॉलरला घेतली. स्वतःचे घातले १३० कोटी डॉलरच्या आसपास, बाकी ५०० कोटींहून अधिक कर्ज. दुकानांच्या जागांना मोठी किंमत होती, नाव घराघरांत पोहोचलेलं होतं, विक्री वर्षाला हजार कोटी डॉलरच्या वर होती. कागदावर सौदा वाईट नव्हता.

पण कंपनीच्या कमाईतला मोठा वाटा, वर्षाला ४० कोटी डॉलरच्या आसपास, नुसत्या कर्जाचा भार उचलण्यात जाऊ लागला. त्याच काळात वॉलमार्ट आणि टार्गेट खेळणी स्वस्तात विकत होते आणि ॲमेझॉन घरपोच देत होतं. दुकानं नव्याने सजवायला, ऑनलाइन विक्री उभी करायला जो पैसा लागत होता तो व्याजात संपत होता. फंडांनी २०१० साली कंपनी शेअर बाजारात आणण्यासाठी अर्ज केला, २०१३ साली तो मागे घेतला. बाहेर पडायची वाट बंद झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला तेव्हा तिच्यावर अजूनही सुमारे ५०० कोटी डॉलरचं कर्ज होतं. बारा वर्षं! आपल्या तक्त्यात मुद्दल ५०० वरून पाचच वर्षांत ३३५ वर आलं होतं. इथे बारा वर्षांनी ते जवळपास जिथल्या तिथे. कर्ज फेडलं जात नव्हतं, जुनं संपायला आलं की नवं घेऊन पुढे ढकललं जात होतं.

दोष सगळा कर्जाचा होता असं मी म्हणणार नाही. खेळण्यांचा धंदा बदलत होता आणि कर्ज नसतानाही ही साखळी अडचणीत आली असती. पण कर्ज नसतं तर बदलायला तिच्याकडे पैसा आणि वेळ असता. २०१८ साली अमेरिकेतली दुकानं बंद झाली, तीस हजारांहून अधिक माणसांचं काम गेलं. नोकरी सुटतानाची भरपाई न मिळालेल्या कामगारांनी आंदोलन केलं, तेव्हा केकेआर आणि बेन यांनी त्यांच्यासाठी २ कोटी डॉलरचा निधी काढला. कायद्याने त्यांच्यावर तशी सक्ती नव्हती. तक्त्यात कामगारांच्या नुकसानीसाठी रकानाच नसतो, आणि या पद्धतीवर होणारी सर्वांत रास्त टीका मला हीच वाटते: जोखीम जितकी वाढवली जाते तितकी ती सगळी वाढवणाऱ्याच्या अंगावर येत नाही.

उलट बाजूलाही एक उदाहरण आहे, आणि ते परतावा कसा वाचायचा हे शिकवतं. ब्लॅकस्टोनने २००७ साली हिल्टन हॉटेल्स २,६०० कोटी डॉलरला घेतली, त्यात स्वतःचे सुमारे ५६० कोटी. सौदा पुरा झाला आणि वर्षभरात जागतिक मंदी आली, हॉटेलं ओस पडली. हा सौदा बुडाला असं जवळपास सगळ्यांनी धरलं होतं. २०१० साली ब्लॅकस्टोनने आणखी ८० कोटी डॉलर घातले, कर्जदात्यांशी बोलणी करून काही कर्ज सवलतीत परत विकत घेतलं, मुदती पुढे ढकलल्या आणि एकूण कर्ज जवळपास ४०० कोटींनी खाली आणलं. २०१३च्या डिसेंबरमध्ये हिल्टन शेअर बाजारात आली, पुढे टप्प्याटप्प्याने हिस्सा विकत २०१८ साली ब्लॅकस्टोन पूर्ण बाहेर पडली. नफा सुमारे १,४०० कोटी डॉलर. एकाच सौद्यातून इतका नफा त्याआधी क्वचितच कुणी कमावला असेल.

घातलेले ६४० कोटी, मिळालेले २,००० कोटींच्या वर, म्हणजे पैसे तिपटीहून अधिक. पण पाच वर्षांत ३.२ पट झाले तर चक्रवाढ परतावा २६ टक्के बसतो, आणि दहा वर्षांत तेवढेच झाले तर बारा टक्क्यांच्या थोडा वर. हिल्टनचे पैसे सहाव्या वर्षानंतर हप्त्याहप्त्याने आले, त्यामुळे तिचा परतावा या दोहोंच्या मधे कुठेतरी. म्हणून फंडाने नुसते 'इतके पट केले' असं सांगितलं तर किती वर्षांत ते विचारावं. आणि नुसता टक्का सांगितला तर किती पट ते विचारावं. दीड वर्षात ४० टक्के दराने केलेला सौदा ऐकायला झगझगीत असतो, पण पैसे दुप्पटही होत नाहीत.

हिल्टनला वाचवलं ते वेळेने आणि कर्जकरारांनी. मंदीच्या तीन वर्षांत मोठी मुद्दलफेड अंगावर आली नाही आणि कर्जाच्या अटीही तुलनेने सैल होत्या. आपल्या पंपवाल्या कंपनीच्या बाबतीत एबिटडा ८० वर आला त्या वर्षी बँकेने काय केलं असतं, हे याच अटींवर ठरलं असतं. सौदा वाचताना व्याजाच्या दराइतकंच लक्ष परतफेडीच्या मुदतीकडे द्यावं ते यासाठी. दर बदलता आहे का हेही पाहावं: आपल्या उदाहरणात १० टक्क्यांचे १२ झाले तर पहिल्या वर्षीची फेड १९ वरून साडेअकरा कोटींवर येते. २०२२ नंतर अमेरिकेतले व्याजदर शून्याजवळून पाच टक्क्यांच्या वर गेले, तेव्हा बदलत्या दराचं कर्ज असलेल्या अनेक कंपन्यांच्या तक्त्यात हेच घडलं.

भारतात हा व्यवहार असा उघडपणे फार झालेला नाही. सार्वजनिक कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घेणाऱ्याला आर्थिक मदत करायची नाही, असं कंपनी कायदा सांगतो, आणि शेअर विकत घेण्यासाठी बँकांनी कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने दीर्घकाळ कडक मर्यादा ठेवल्या. त्यामुळे मुंबईतले बहुतेक फंड कर्ज कमी आणि स्वतःचे पैसे जास्त घालून कंपन्या घेतात. त्यांच्या परताव्यात वाढीचा वाटा मोठा आणि फेडीचा लहान असतो. भारतीयांनी केलेला पहिला मोठा असा सौदा परदेशात झाला: २००० साली टाटा टीने ब्रिटनची टेटली २७ कोटी १० लाख पौंडांना घेतली, ती ब्रिटनमध्ये काढलेल्या वेगळ्या कंपनीमार्फत आणि बहुतांश टेटलीच्याच रोखीतून फेडायच्या कर्जावर. टाटांना ती पुढे विकायची नव्हती, त्यामुळे तिथे बाहेर पडण्याचा रकाना नव्हता. बाकी गणित हेच होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने भारतीय कंपन्यांनी केलेल्या अधिग्रहणांना बँकांनी कर्ज द्यावं यासाठी वाट मोकळी करण्याचं जाहीर केलं. म्हणजे आता असे कर्जभारित सौदे आपल्याही बँकांच्या, पर्यायाने आपल्याच ठेवीदारांच्या पैशावर होऊ शकतील. अशा एखाद्या सौद्याची बातमी वाचताना किंमत आणि पट हे आकडे ठळक छापलेले असतील. शोधायचा आकडा तिसराच आहे: व्याज, कर आणि यंत्रांचा खरा खर्च भागवून पहिल्या वर्षी मुद्दल फेडायला किती उरतात, आणि कमाई एक पंचमांशाने घटली तर त्यातलं काय शिल्लक राहतं.